सातपैकी सहा

माझ्या ताईचं गळ्याजवळचं हाड मोडलं ते माझ्या एका वाक्याने. मारणारा हात मुकादमाचा होता, त्याच्या हातातला टॉवेलही त्याचाच होता, हे सगळं खरं. पण तो हात उचलायचं कारण मी छापून दिलं होतं, तेही कंपनीच्या खर्चाने, गुळगुळीत कागदावर.

आमची कंपनी रुग्णालयांचे आणि हॉटेलांचे कपडे धुऊन देते. रोज काही टन चादरी, टॉवेल, डॉक्टरांचे हिरवे डगले. मी वर कार्यालयात बसते, माणसांच्या फायली सांभाळते आणि तीन महिन्यांतून एकदा चार पानी वार्तापत्र काढते. कोण निवृत्त झालं, कोणाला मूल झालं, साहेबांचं मनोगत. ते मनोगतही मीच लिहिते. ताई खाली सॉर्टिंगला. मळलेले कपडे पहिल्यांदा उघडतात ती खोली. रक्त, पू, ओकारी आणि कधी चादरीच्या घडीत विसरलेली सुई, हे सगळं आधी तिथल्या सात बायकांच्या हाताला लागतं. ही नोकरी तिला मीच मिळवून दिली होती. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि ती एकोणीसची. माझं शिक्षण तिच्या हातांनी झालं, आणि त्या हातांना मी ही खोली दिली. सोबत राहतो, सोबत येतो, सोबत जातो.

या वर्षी साहेबांना सर्वेक्षण करायची हुक्की आली. मोठ्या रुग्णालयाचं कंत्राट हवं होतं आणि त्यांच्या अर्जात तसा एक रकाना होता. बाहेरच्या एका संस्थेने छापील फॉर्म वाटले. नाव लिहायचं नाही, फक्त विभाग लिहायचा आणि खुणा करून कुलूपबंद पेटीत टाकायचा. पंधरा दिवसांनी संस्थेतले वयस्कर गृहस्थ, ज्यांना आम्ही आकडेवाले म्हणायचो, त्यांनी मला सगळ्या उत्तरांचा तक्ता पाठवला. एका ओळीत एक माणूस. नाव नाही, विभाग आणि पुढे होय-नाही, होय-नाही. शेवटी लोकांनी हाताने लिहिलेले शेरे, टाइप केलेले.

"यातून वार्तापत्रात एक परिच्छेद करा," साहेब म्हणाले. "शंभर-सव्वाशे शब्द. संतुलित हवा."

संतुलित हा साहेबांचा लाडका शब्द. कोणी रडत आलं तरी ते म्हणतात, आपण संतुलित विचार करू. मग रडणारं माणूस गप्प होऊन निघून जातं.

आकडेवाल्यांनी मला फोनवर समजावलं. माणूस कोरडा, पण कामात चोख. "किती जणांना विचारलं आणि किती जणांनी उत्तर दिलं, ते आधी लिहा. नुसता टक्का देऊ नका, त्यामागची माणसंही मोजून द्या. चांगलं तेवढं वर आणि वाईट तळाला, असं नको. ज्याचं जेवढं वजन तेवढी त्याला जागा. शेरे शब्दशः छापू नका, बोलण्यावरून माणूस ओळखू येतो. आणि दहापेक्षा कमी उत्तरं आलेल्या गटाचे आकडे वेगळे दाखवू नका. छापण्याआधी एकदा मला दाखवा."

मी हो हो म्हटलं. सगळं लिहूनही घेतलं. शेवटचं वाक्य सोडून.

दोनशे पाच माणसांपैकी एकशे अडुसष्ट जणांनी फॉर्म भरले होते. काम नीट समजावून सांगतात म्हणणारे एकशे एकतीस. सुट्टीचं वेळापत्रक वेळेवर कळतं म्हणणारे जेमतेम बासष्ट. इथपर्यंत सगळं अपेक्षेप्रमाणे. मग सतरावा प्रश्न आला. गेल्या सहा महिन्यांत कामाच्या जागी तुम्हाला कोणी मारलं आहे का?

होय, तेरा.

मी तक्ता विभागवार लावला. गाड्यांवर शून्य, कार्यालयात शून्य. यंत्र विभागात चार, इस्त्रीला तीन. आणि सॉर्टिंगच्या सात ओळी एकाखाली एक आल्या. होय, होय, होय, नाही, होय, होय, होय.

सात बायकांपैकी सहा जणी. शेऱ्यांमध्ये एक ओळ होती: टॉवेल ओला करून पीळ देतो, टोकाला गाठ मारतो, पाठीत घालतो, वळ राहत नाही. मला ताईची आठवण झाली. दोन महिन्यांपूर्वी ती भिंतीला पाठ टेकून बसेना. मी विचारलं तर म्हणाली, ट्रॉली लागली. मी म्हटलं, नीट बघून चालत जा. इतकंच म्हटलं मी.

साहेबांकडे गेले तेव्हा माझं डोकं तापलेलं होतं. तक्ता त्यांच्यापुढे टाकला. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"तेरा म्हणजे आठ टक्के," ते म्हणाले. "म्हणजे ब्याण्णव टक्के लोकांना कोणी मारलेलं नाही. असं लिहा ना. खरंच आहे की."

"साहेब, शंभर माणसांच्या घरात आठ जणांना आग लागली तर ब्याण्णव जण गारेगार आहेत असं लिहायचं का?"

"आवाज खाली."

"सॉर्टिंगच्या मुकादमाला आधी बोलवा."

"कोणी मारलं ते फॉर्ममध्ये कुठे आहे? नावनिशीवार तक्रार येऊ दे, मग बघू. तुम्ही परिच्छेद लिहा."

मी लिहिला. चार वेळा लिहिला, चार वेळा त्यांनी लाल शाईने तेराचा आकडा खोडला. पाचव्या वेळी मी म्हटलं, आकडा गेला तर अंकावर संपादक म्हणून माझं नाव नको, आणि का नको ते मी कंत्राटवाल्या रुग्णालयाला कळवेन. साहेबांनी लाल पेन बंद केलं. मग म्हणाले, "ठीक आहे. आकडा राहू दे. पण सगळ्यांच्या तोंडाला काळं फासू नका. जिथे मारहाण नाही त्या विभागांचं नाव तरी घ्या. गाडीवाले बिचारे सरळ आहेत. संतुलन नको का?"

मला ते पटलं. खरंच पटलं. मी जिंकले होते आणि जिंकलेल्या माणसाला उदार व्हायला काय जातं? यंत्र विभागात चार, इस्त्रीत तीन हे मी हट्टाने घातलं, कारण आकडा नेमका असला की कोणाला झटकता येत नाही. गाड्यांवर आणि कार्यालयात एकही नाही, हे साहेबांसाठी घातलं. सॉर्टिंग दहाच्या आतलं, म्हणून त्याचा आकडा नियमाप्रमाणे गाळला. वर त्या बायकांचं कौतुक म्हणून पहिल्याच ओळीत लिहिलं की सॉर्टिंग विभागाने शंभर टक्के प्रतिसाद दिला. छापखान्याची वेळ टळत होती. आकडेवाल्यांना दाखवायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणते, पण खरं सांगायचं तर मला दाखवायची गरजच वाटली नाही. एवढी भांडून आले होते मी.

त्या संध्याकाळी मी घरी उड्या मारत होते. सांगू नये ते ताईला सांगितलं.

"तुमच्या खोलीतल्या सहा जणींनी लिहिलंय, मारतो म्हणून. सहा! तू मला कधी बोलली नाहीस ते?"

ताई ताटं मांडत होती. "जेव आधी."

"आणि एकच नाही म्हणाली. सातवी. कोण गं ती? मुकादमाची चमची असणार. इतक्या जणी मार खातायत आणि ही शेपूट घालून नाही म्हणते. असल्या बायकांमुळेच त्याचं फावतं."

ताईने माझ्या ताटात वाढलं. स्वतःच्या ताटात वाढायला विसरली. थोड्या वेळाने म्हणाली, "तिचं काही कारण असेल, छोटे."

"कसलं डोंबलाचं कारण! लाज विकून खाल्लेली."

ती काही बोलली नाही. ती मुळातच कमी बोलते, म्हणून मला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

सोमवारी अंक आला. प्रत्येक विभागात गठ्ठा मीच नेऊन देते. त्या निमित्ताने चार माणसं भेटतात. यंत्रांच्या हॉलमध्ये दिला, इस्त्रीच्या रोलरपाशी दिला, गाडीवाल्यांनी तर माझ्यासमोरच परिच्छेद मोठ्याने वाचला आणि टाळ्या वाजवल्या. इस्त्रीवाल्या एका बाईने माझा हात दाबला. सॉर्टिंगची प्रत सकाळीच शिपायाने फळ्यावर लावली होती, त्यामुळे तिथला गठ्ठा मी सगळ्यात शेवटी घेतला. छाती फुगवून चालले होते.

सॉर्टिंगच्या दाराला जाड प्लास्टिकच्या पट्ट्या आहेत. त्यातून आतलं धूसर दिसतं. पट्ट्यांपाशी पोचले आणि आवाज ऐकला. ओलं काहीतरी मांसावर बसल्याचा आवाज. त्याला दुसरा शब्द माझ्याकडे नाही. एकदा, मग थोडी शांतता, मग पुन्हा.

मी पट्टी बाजूला केली. सहा बायका भिंतीशी रांगेत उभ्या, सातवी ट्रॉलीच्या दांड्याला धरून वाकलेली. वजनकाट्याशेजारी एक पाटी असते. भरलेल्या ट्रॉलीचं वजन, त्यातून रिकाम्या ट्रॉलीचं वजन वजा, उरले ते कपडे. मुकादम दिवसाकाठी शंभर वेळा ती वजाबाकी करतो. त्या पाटीवर त्याच्या मोठ्या, सुबक अक्षरात लिहिलं होतं:

तेरा वजा चार वजा तीन वजा शून्य वजा शून्य. उरले सहा. त्याखाली, सात वजा सहा. उरली एक.

कोणी पेटी फोडली नव्हती. कोणी चहाडी केली नव्हती. मी झाकलेला आकडा मीच बाजूचे सगळे आकडे देऊन उघडा केला होता. पाच विभागांपैकी चारांचे सांगितले, बेरीजही सांगितली, मग पाचवा लपवून काय लपलं? सगळ्या सातजणींनी फॉर्म भरले, हेही मीच कौतुकाने सांगितलं. आकडेवाल्यांनी एका नजरेत ओळखलं असतं. मुकादमानेही ओळखलं.

"मला सहा जणींशी देणंघेणं नाही," तो म्हणत होता. शांतपणे, समजूत घातल्यासारखं. तो टॉवेल बादलीत बुडवत होता, उचलून दोन्ही हातांनी पिळत होता. "सहा जणी माझ्यावर उलटल्या, त्यांचं मी बघून घेईन. मला ती एक हवी आहे. जी खरं बोलली. तिने पुढे यावं, वर साहेबांसमोर सांगावं की मुकादम देवमाणूस आहे. उद्यापासून तिला घड्या घालायच्या कामावर टाकतो, कोरड्या खोलीत. बोला. कोण?"

त्याने टॉवेलच्या टोकाला गाठ मारली.

"मी," भिंतीशी उभी असलेली सगळ्यात तरुण मुलगी म्हणाली.

लगेच शेजारची म्हणाली, "मी." मग तिसरी. एकेक करून सहाही जणी म्हणाल्या, मी, मी. ट्रॉलीवर वाकलेली तेवढी गप्प होती. तिने मान वळवली आणि मला ताईचा चेहरा दिसला. कानातून रक्त येऊन गळ्यापर्यंत ओघळलं होतं.

"बघा," मुकादम म्हणाला. "सहा जणी म्हणतात मी मारत नाही. आणि कागद म्हणतो सहा जणींना मी मारतो. म्हणजे पाच खोटारड्या इथेच झाल्या. आणि ही म्हातारी काहीच म्हणत नाही." त्याने ताईच्या केसांना धरून तिचं डोकं वर केलं. "काय गं? तुझं काय उत्तर होतं?"

ताईने त्याच्याकडे पाहिलं. तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

त्याने टॉवेल फिरवला. गाठ तिच्या गळ्याच्या बाजूला बसली आणि मला हाड मोडल्याचा आवाज आला. कोरडा आवाज, त्या ओल्या खोलीत अगदी वेगळा. ताई ओरडली नाही. खाली बसली, जशी थकल्यावर बसते तशी.

पुढचं मला तुकड्या-तुकड्याने आठवतं. वार्तापत्रांचा गठ्ठा माझ्या हातून पडला. काट्यावर भरलेली ट्रॉली होती, मी ती दोन्ही हातांनी ढकलली. दीडशे किलो चादरी त्याच्या गुडघ्यांवर आदळल्या. तो आडवा झाला, उठायला लागला, मी त्याच्या तोंडावर लाथ घातली. कार्यालयातली चप्पल होती, तिने काय होणार, पण मी घातली. त्याने माझा पाय धरून मला ओढलं आणि माझं डोकं फरशीवर आपटलं. मग भिंतीजवळच्या बायका आल्या. हातमोजे घातलेल्या, रोज रक्ताच्या चादरी उघडणाऱ्या बायका. त्यांच्यातल्या एकीला सगळे बडबडी म्हणतात. तिने बादलीतला दुसरा टॉवेल काढला, सावकाश पिळला आणि गाठ मारली. तिने त्याला मारलं, मग दुसरीने, मग तिसरीने. कोणी शिवी दिली नाही, कोणी काही बोललं नाही. तो आधी ओरडत होता, नंतर विनवत होता. मला आनंद झाला. आज लाज वाटायला हवी, पण तेव्हा निव्वळ आनंद झाला आणि तो मी लपवणार नाही. यंत्र विभागातली माणसं धावत आली, त्यांनी त्याला ओढून बाहेर काढलं.

तिसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत चौकशी बसली. मुकादम खुर्चीवर, डोळा सुजलेला. सात बायका उभ्या. ताईचा हात गळ्यात बांधलेला, म्हणून तिला स्टूल दिलं होतं. माझ्या डोक्याला चार टाके. रुग्णालयाच्या कंत्राटाची माणसं आठवड्याने येणार होती, त्यामुळे साहेबांना हे सगळं त्याआधी आवरायचं होतं.

"मी कोणाला हात लावला नाही," मुकादम म्हणाला. "ही बाई ओल्या फरशीवर घसरली, ट्रॉलीचा दांडा लागला. मग या सगळ्यांनी मिळून मला मारलं. अंगभर वळ आहेत, बघा."

"मी डोळ्यांनी पाहिलं," मी म्हटलं.

"तुम्ही तिची सख्खी बहीण," साहेब म्हणाले. "तुमचं बोलणं एकांगी होणार. दुसऱ्या कोणी पाहिलं?"

बायकांनी माना खाली घातल्या. मला त्यांचा राग आला नाही. त्यांनी एकदा कागदावर खरं लिहिलं होतं आणि त्याचं काय झालं हे त्यांनी पाहिलं होतं. आता कोणत्या तोंडाने मी त्यांना सांगू, बोला, काही होणार नाही?

मुकादमाने खिशातून घडी घातलेलं वार्तापत्र काढलं. "साहेब, यात हिशेब आहे. माझ्या खोलीतल्या सहा जणींनी माझ्याविरुद्ध लिहिलं, ठरवून. पण सातवी आहे. ती म्हणते मारत नाही. तिला विचारा. ती सांगेल. एवढी एक बाई सरळ आहे."

साहेबांनी मान डोलावली. "रास्त आहे. दोन्ही बाजू ऐकायला हव्यात. तुमच्यातली सातवी कोण? घाबरू नका, तुम्हाला काही होणार नाही."

माझ्या ओठांवर आलं होतं, सातवी कोण ते कोणी सांगू नका, तोच तर सापळा आहे. एक सापडली की बाकीच्या सहा आपोआप उघड्या पडतात. तेवढ्यात ताई स्टुलावरून उठली.

"सातवी मी," ती म्हणाली.

मुकादमाचं तोंड उघडंच राहिलं. त्याने जिचं हाड मोडलं तीच त्याची साक्षीदार होती.

"मी नाही असं लिहिलं," ताई म्हणाली. "आणि मी खोटं लिहिलं. मारतो तो. मला अकरा वेळा मारलं. परवा धरून बारा. बाकीच्यांनी काय लिहिलं ते मला माहीत नाही, त्यांना विचारायचं काम नाही. मी माझं सांगते. माझं नाव लिहून घ्या."

"मग आधी खोटं का लिहिलं?" साहेबांनी विचारलं. हा त्यांचा त्या दिवसातला पहिला बरा प्रश्न.

ताईने माझ्याकडे पाहिलं नाही. "कागद वर माझी बहीण वाचणार होती. सात जणींचा कागद, सातही जणींनी होय म्हटलं तर तिला कळणारच की त्यात मी आहे. मी तिला वाढवलंय, साहेब. मी मार खाते हे तिने वाचावं, असं मला वाटलं नाही."

शेपूट घालणारी, चमची, लाज विकून खाल्लेली. मीच म्हटलं होतं, तिनेच वाढलेल्या ताटासमोर. आणि सोमवारी त्या खोलीत 'सातवी मी' एवढं म्हणाली असती तर ती सुटली असती, कोरड्या खोलीत घड्या घालत बसली असती. फक्त बाकीच्या सहा जणींवर बोट ठेवलं गेलं असतं. म्हणून तिने तोंड मिटलं आणि हाड मोडून घेतलं.

तेव्हा बडबडी पुढे आली. दोन दिवस तिने शब्द काढला नव्हता. "वळ राहत नाहीत, साहेब," ती म्हणाली, "म्हणून तो टॉवेल ओला करतो. त्याच्या अंगावर राहिले, कारण आम्हाला त्याच्याइतकं नीट पिळता येत नाही. माझंही नाव घ्या."

मुकादमाला त्याच दिवशी कामावरून काढलं आणि पोलिसांत तक्रार झाली. बायकांवरही त्याने तक्रार केली, ती अजून चालू आहे. साहेब अजून आहेत आणि अजून संतुलित आहेत.

आकडेवाल्यांना मी फोन केला आणि सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "एक आकडा झाकायचा तर त्याच्या सोबतीला दुसराही झाकावा लागतो. नाहीतर वजाबाकी होते. हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं." मी म्हटलं, तुम्ही दाखवा म्हणाला होतात. ते म्हणाले, "तरीही." मग मी विचारलं, ताईचं 'नाही' आता 'होय' करता येईल का, तेराचे चौदा? "बंद झालेल्या सर्वेक्षणातला आकडा बदलायचा नाही," ते म्हणाले. "ती स्वतः सांगत असेल तर शेजारी लिहा. वेगळं, तिच्या परवानगीने. आणि या वेळी मला दाखवा."

या वेळी परिच्छेद दाखवला. त्यांनी दोन शब्द काढले, एक घातला. पुढच्या अंकात तो असा छापून आला:

"गेल्या सर्वेक्षणात २०५ पैकी १६८ जणांनी (८२ टक्के) उत्तरं दिली. कामावर मारहाण झाल्याचं १३ जणांनी (८ टक्के) सांगितलं. ही संख्या शून्यच असायला हवी, म्हणून ती आधी देत आहोत. सर्वेक्षण बंद झाल्यावर आणखी एका व्यक्तीने आपलं उत्तर 'होय' असायला हवं होतं असं स्वतःहून कळवलं. तिच्या संमतीने ही नोंद केली आहे, मूळ आकडा तसाच ठेवला आहे. काम नीट समजावून सांगितलं जातं असं १३१ जणांना (७८ टक्के) वाटतं. सुट्टीचं वेळापत्रक वेळेवर कळतं असं ६२ जणांना (३७ टक्के). मागच्या अंकात विभागवार आकडे दिल्याने उत्तरांची गुप्तता मोडली आणि त्यातून इजा झाली. ती चूक संपादिकेची होती."

साहेबांनी शेवटचं वाक्य खोडलं होतं. मी ते पुन्हा लिहिलं. त्यांनी दुसऱ्यांदा खोडलं नाही.

अंक आला त्या संध्याकाळी ताई खिडकीपाशी बसून तो वाचत होती. हात अजून नीट वर होत नव्हता. 'आणखी एका व्यक्तीने' या शब्दांवर तिने बोट ठेवलं, मग कागदाची घडी केली.

"ताई, त्या दिवशी मी जेवताना जे बोलले..."

"जाऊ दे गं."

"नाही जाऊ देणार. पाठ दाखव."

"वेडी आहेस का? काही दिसणार नाही. वळ राहत नाहीत."

"तरी दाखव."

तिने अंक बाजूला ठेवला. मग खिडकीकडे तोंड करून वळली आणि चांगल्या हाताने पदर खाली घेतला. खरंच काही दिसत नव्हतं. साधी पाठ, मणक्यापाशी एक जुना तीळ. लहानपणी ती मला या पाठीवर घेऊन नळावर पाणी भरायला जायची. मी खांद्याखाली दोन बोटं टेकवली.

"इथे मारलं?"

मी बोटं उचलली नाहीत.

"होय," ती म्हणाली.

मी बोटं थोडी खाली नेली.

"इथे?"

"होय."

"आणि इथे?"

"होय, छोटे," ताई म्हणाली, आणि पहिल्यांदाच रडली.